कोणत्या लॉगिनला कोणते बटण : अधिकारांच्या टेबलांची मांडणी

कार्यालयाचे, पतसंस्थेचे किंवा एखाद्या दूध संस्थेचे दप्तर संगणकावरील आज्ञावलीत गेले, की थोड्याच दिवसांत तेथील मंडळी दोन प्रश्न विचारू लागतात. शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्याला जी स्क्रीन दिसते ती मला का दिसत नाही, हा पहिला; आणि ज्याची बदली होऊन महिना लोटला त्याच्या लॉगिनमधून अजूनही मंजुरी कशी देता येते, हा दुसरा. पौड, पिरंगुटपासून हिंजवडीपर्यंतच्या वाचकांकडून हे प्रश्न वारंवार येतात. दुसरा प्रश्न पहिल्याहून फार गंभीर असूनही तो सहसा उशिरा विचारला जातो. दोहोंचे उत्तर डेटाबेसमधील काही मोजक्या टेबलांत असते. ती टेबले कशी मांडावीत, कोणी भरावीत आणि ती कोठे अपुरी पडतात, हे या लेखात सांगायचे आहे.

उदाहरणासाठी आपल्या सर्वांच्या परिचयाचा व्यवहार घेऊ, तो म्हणजे सातबाऱ्यावरील फेरफाराचा. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५० प्रमाणे फेरफाराची नोंद तलाठ्याने घ्यावयाची, संबंधितांना नोटीस द्यावयाची, हरकतीसाठी पंधरा दिवसांची मुदत ठेवावयाची, आणि मग वरिष्ठ अधिकाऱ्याने ती नोंद तपासून प्रमाणित करावयाची, असा क्रम आहे. राज्याच्या ई-फेरफार प्रणालीतही हाच क्रम पाळला जातो : तलाठ्याच्या, म्हणजे २०२४ पासूनच्या नव्या पदनामाप्रमाणे ग्राम महसूल अधिकाऱ्याच्या, लॉगिनमधून नोंद धरली जाते आणि मंडळ अधिकाऱ्याच्या लॉगिनमधून ती प्रमाणित होते. पुढे दिलेली टेबले आणि आज्ञा मी केवळ विवेचनासाठी रचलेल्या आहेत. त्या शासकीय प्रणालीच्या नव्हेत. आपल्या संस्थेतील कर्जमंजुरी, बिलमंजुरी किंवा सभासद-नोंदणी यांना त्या थोड्या फेरफाराने लागू पडतील.

आधी कामाची वाटणी कागदावर करावी

संगणकाला हात लावण्यापूर्वी आपण आपल्या कामातील प्रत्येक कृती क्रियापदाच्या रूपात लिहून काढावी. “फेरफाराची स्क्रीन” ही कृती नव्हे. नोंद पाहणे, नोंद धरणे, नोटीस काढणे, हरकत लिहून घेणे, नोंद प्रमाणित करणे आणि नोंद नामंजूर करणे या कृती होत. एकाच स्क्रीनवर या सहाही कृतींची बटणे असू शकतात, आणि नेमके म्हणूनच अधिकार स्क्रीनला न बांधता कृतीला बांधावा लागतो. जेथे अधिकार स्क्रीनला बांधलेला असतो, तेथे ज्याला केवळ नोंद पाहावयाची आहे अशा कारकुनालाही प्रमाणनाचे बटण द्यावे लागते, किंवा मग त्याच्यासाठी त्याच स्क्रीनची दुसरी प्रत तयार करावी लागते. आणि अशा प्रती पाच-सहा झाल्या म्हणजे एकीत केलेली दुरुस्ती दुसरीत राहून जाते.

कृतींसमोर हुद्दे लिहावेत, व्यक्तींची नावे लिहू नयेत. मंडळ अधिकारी बदलले तरी मंडळ अधिकारी या हुद्द्याचे काम बदलत नाही, आणि टेबलांची सारी रचना या एका गोष्टीवर उभी असते.

पाच टेबले

बहुतेक संस्थांना पुढील पाच टेबले पुरतात :

- `app_user` : लॉगिन करणारी प्रत्येक व्यक्ती, एका व्यक्तीस एकच ओळ.
- `role` : हुद्दे, म्हणजे रोल; उदाहरणार्थ तलाठी, मंडळ अधिकारी, तहसीलदार.
- `permission` : वर लिहिलेल्या कृती, उदाहरणार्थ `FERFAR_ADD`, `FERFAR_CERTIFY`.
- `role_permission` : कोणत्या हुद्द्याला कोणती कृती करता येते.
- `user_role` : कोणती व्यक्ती, कोणत्या हुद्द्यावर, कोणत्या सजासाठी, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत.

पहिली चार टेबले साधारणतः सर्वत्र सारखीच असतात आणि त्यांविषयी फारसे सांगण्यासारखे नाही. पाचव्या टेबलात मात्र घाईने काम केले जाते, आणि तेथे वाचविलेले दोन-तीन रकाने पुढे वर्षानुवर्षे त्रास देतात. त्यात केवळ व्यक्ती आणि हुद्दा एवढेच ठेवले, तर पिरंगुटच्या तलाठ्याला लवळ्याचीही नोंद धरता येते, कारण दोघेही तलाठीच आहेत. म्हणून सजाचा रकाना, `saja_id`, याच टेबलात असावा, आणि ज्या मंडळ अधिकाऱ्याकडे अनेक सजा आहेत त्याच्यासाठी प्रत्येक सजाची स्वतंत्र ओळ घालावी. ओळी वाढतील, परंतु एखाद्या सजाचा कार्यभार दुसऱ्याकडे गेला तर केवळ तेवढी एक ओळ बंद करता येईल.

तारखांचे दोन रकाने, `valid_from` आणि `valid_to`, हे अतिरिक्त कार्यभारासाठी अपरिहार्य आहेत. समजा, भूगाव सजाचे तलाठी दीर्घ रजेवर गेले आणि पिरंगुटच्या तलाठ्यांकडे १ एप्रिल ते ३० जून या मुदतीसाठी भूगावचा कार्यभार दिला गेला. आपण त्यांच्या नावे तलाठी या रोलची दुसरी ओळ घालावी, सजा भूगाव लिहावी आणि दोन्ही तारखा त्याच वेळी भराव्यात. १ जुलैच्या सकाळी कोणी काही न करता तो अधिकार आपोआप संपतो. ही शेवटची तारीख भरण्याचे राहून गेले, तर रजेवरचे तलाठी परत येऊन रुजू झाल्यावरही दोघांच्या लॉगिनमधून भूगावची नोंद धरता येत राहते, आणि हे पुढे एखादा वाद निघेपर्यंत कोणाच्या ध्यानातही येत नाही.

स्क्रीन लपविली म्हणजे अधिकार काढला असे नव्हे

मेनू कसा तयार होतो ते प्रथम पाहू. प्रत्येक बटणासमोर आवश्यक त्या कृतीचे नाव लिहिलेले असते. लॉगिन होताच त्या व्यक्तीला मिळालेल्या कृतींची यादी टेबलांतून काढली जाते, आणि जे बटण यादीत बसत नाही ते दाखविले जात नाही. ही सोय वापरणाऱ्याच्या डोळ्यांसाठी आहे. तिला पहारा समजू नये. बटण न दिसणारी व्यक्तीदेखील ब्राउझरमधील पत्ता किंवा मागणीतील क्रमांक बदलून तीच मागणी सर्व्हरकडे पाठवू शकते, आणि सर्व्हरने पुन्हा विचारपूस केली नाही तर ते काम बिनबोभाट होऊन जाते.

म्हणून प्रत्येक कृतीच्या वेळी, प्रत्यक्ष सर्व्हरवर, पुढील प्रश्न डेटाबेसला विचारला गेलाच पाहिजे :

```sql
SELECT 1
FROM user_role ur
JOIN role_permission rp ON rp.role_id = ur.role_id
JOIN app_user u ON u.user_id = ur.user_id
WHERE u.user_id = :user_id
  AND u.is_active = 1
  AND rp.perm_code = 'FERFAR_CERTIFY'
  AND ur.saja_id = :saja_id
  AND CURRENT_DATE BETWEEN ur.valid_from AND ur.valid_to;
```

ओळ मिळाली तर परवानगी, न मिळाली तर नकार. येथे `:saja_id` कोठून येतो याकडे आपण विशेष लक्ष द्यावे. तो स्क्रीनवरून आलेल्या मागणीतून घेतला, तर वापरणारा स्वतःच्या सजाचा क्रमांक आणि दुसऱ्याच सजातील फेरफाराचा क्रमांक अशी जोडी पाठवू शकतो. परवानगी एका गावाची तपासली जाते आणि काम दुसऱ्या गावाचे होते. हा क्रमांक सर्व्हरने त्या फेरफाराच्या स्वतःच्या ओळीतूनच वाचला पाहिजे. आज्ञावली बनवून देणाऱ्यास हा एक प्रश्न आपण अवश्य विचारावा. त्याच्या उत्तरावरून बाकीच्या कामाचाही अदमास येतो.

याची परीक्षा घेण्यास प्रोग्रामिंगचे ज्ञान लागत नाही. चाचणीच्या प्रणालीत अधिकार असलेल्या लॉगिनने प्रमाणनाची स्क्रीन उघडावी आणि तिचा पत्ता लिहून घ्यावा. मग दुसऱ्या ब्राउझरमध्ये अधिकार नसलेल्या लॉगिनने शिरून तोच पत्ता टाकावा. स्क्रीन उघडली तर तेथेच दोष पकडला गेला. उघडली नाही म्हणून मात्र सर्व सुरक्षित आहे असे समजू नये, कारण स्क्रीनला पहारा असून बटणामागच्या कृतीला नसणे हेही शक्य असते. त्यासाठी अधिकार असलेल्या व्यक्तीने स्क्रीन उघडी ठेवावी, दरम्यान तिची `user_role` मधील ओळ `valid_to` मध्ये कालची तारीख घालून बंद करावी, आणि मग तिने बटण दाबावे. काम झाले, तर एकतर सर्व्हर तपासणीच करीत नाही, किंवा लॉगिनच्या वेळी घेतलेली यादीच दिवसभर जवळ बाळगून तो काम करतो. दुसरा प्रकार वेगासाठी मुद्दाम केलेला असतो. पाहण्याच्या कृतींपुरता तो चालू द्यावा, परंतु मंजुरीच्या कृतीसाठी टेबल दर वेळी नव्याने वाचावे असा आग्रह आपण धरावा.

बढती मिळालेल्या तलाठ्याचा प्रसंग

येथवरची सर्व मांडणी बिनचूक केली तरी एक प्रसंग तिच्यातून निसटतो, आणि तो या लेखाचा गाभा असल्याने सविस्तर पाहू.

समजा, एका तलाठ्याने २ जून रोजी आपल्या सजातील एका खरेदीची नोंद धरली आणि त्याच दिवशी संबंधितांना नोटीस बजावली गेली. ९ जूनला त्या तलाठ्यांना मंडळ अधिकारी म्हणून बढती मिळाली आणि नेमणूक त्याच मंडळात झाली. कार्यालयाने नियमाप्रमाणे त्यांची तलाठी म्हणून असलेली ओळ ८ जूनला बंद केली, आणि मंडळ अधिकारी म्हणून नवी ओळ ९ जूनपासून घातली. हरकतीची मुदत १७ जूनला संपली. १८ जूनला त्यांनी प्रमाणनासाठी आलेल्या नोंदींची यादी उघडली, तर तीत त्यांनीच धरलेली नोंद त्यांच्यासमोर उभी राहते. वरचा प्रश्न डेटाबेसला विचारला असता उत्तर “परवानगी आहे” असेच येते, आणि टेबलांच्या दृष्टीने ते उत्तर बरोबरही आहे. परंतु नोंद धरणारा आणि तपासणारा वेगळा असावा या ज्या हेतूने दोन हुद्दे निर्माण झाले, तो हेतूच येथे विफल होतो.

“एका व्यक्तीला हे दोन रोल एकाच वेळी देऊ नयेत” असा नियम पुष्कळ ठिकाणी घातलेला आढळतो. तो असावा, परंतु या प्रसंगी तो निरुपयोगी आहे, कारण या व्यक्तीकडे दोन्ही रोल एकाच वेळी कधीच नव्हते. कोणाला कोणती कृती करता येते हे रोलच्या टेबलांना ठाऊक असते. ही विशिष्ट नोंद पूर्वी कोणी हाताळली हे त्यांना ठाऊक नसते. ती माहिती फेरफाराच्या ओळीतच असते, आणि म्हणून तपासणीही तेथेच करावी लागते :

```sql
UPDATE ferfar
SET status = 'CERTIFIED', certified_by = :user_id
WHERE ferfar_id = :ferfar_id
  AND status = 'PENDING'
  AND entered_by <> :user_id;
```

या आज्ञेने एकही ओळ बदलली नाही, तर प्रणालीने त्याचे कारण पाहावे, आणि नोंद त्याच व्यक्तीने धरलेली असल्यास स्पष्ट शब्दांत नकार द्यावा : “ही नोंद आपणच धरलेली असल्याने आपणास ती प्रमाणित करता येणार नाही.” नुसते “त्रुटी आली” असे लिहू नये, कारण मग ती व्यक्ती संगणकाचा बिघाड समजून सहकाऱ्याचे लॉगिन मागते. आणि नकार दिल्यानंतर मार्गही उघडा ठेवला पाहिजे : अशा नोंदी तहसील कार्यालयाच्या यादीत आपोआप दिसाव्यात, म्हणजे तेथून दुसऱ्या सक्षम अधिकाऱ्याकडे सोपविता येतील. हा मार्ग न ठेवल्यास खातेदाराची नोंद महिनोन्महिने अडकून पडते.

पतसंस्थेत लेखनिकाचा व्यवस्थापक होतो, ग्रामपंचायतीत एकाच कर्मचाऱ्याकडे दोन कामे येतात. तेथेही हाच प्रसंग याच रूपाने उद्भवतो.

रिकाम्या रकान्यापासून सावध राहावे

वरील दोन्ही आज्ञांत एक बारकावा दडलेला आहे. डेटाबेसमध्ये रिकामा रकाना, म्हणजे `NULL`, हा कशाच्याही बरोबरीचा नसतो आणि कशाहून वेगळाही नसतो. त्याच्याशी केलेली तुलना अनिर्णित राहते आणि ओळ गाळली जाते. यातून दोन अडचणी उत्पन्न होतात.

पहिली `valid_to` रिकामी ठेवल्याने. “कायमची नेमणूक आहे, शेवटची तारीख कशाला” असे म्हणून तो रकाना रिकामा ठेवला, तर वरील प्रश्नात `BETWEEN` कधीच खरे ठरत नाही, आणि कायम नेमणुकीच्या व्यक्तीलाच काम करता येत नाही. एकतर तो रकाना सक्तीचा करून दूरची तारीख भरावी, किंवा `valid_to IS NULL` ही अट स्वतंत्रपणे लिहावी. मला पहिला मार्ग अधिक पसंत आहे, कारण तारीख भरणे सक्तीचे असले म्हणजे ती भरणाऱ्याला मुदतीचा विचार करावाच लागतो.

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. सर्वच नोंदी माणसे धरीत नाहीत. नोंदणीकृत दस्ताची माहिती दुय्यम निबंधक कार्यालयातील आय-सरिता प्रणालीतून ई-फेरफारकडे येते, तशी कोणत्याही आज्ञावलीत बाहेरून आलेली माहिती असू शकते. आपल्या मांडणीत अशा नोंदीचा `entered_by` रकाना रिकामा राहिला, तर `entered_by <> :user_id` ही अट अनिर्णित राहील आणि ती नोंद कोणालाच प्रमाणित करता येणार नाही. अशा वेळी त्रासलेल्या कार्यालयाच्या आग्रहाखातर प्रोग्रामर ती अटच काढून टाकतो, आणि बढतीच्या प्रसंगासाठी लावलेला पहारा कोणालाही न कळता नाहीसा होतो. उपाय सोपा आहे : बाहेरील प्रणालीसाठी `app_user` मध्ये एक स्वतंत्र ओळ असावी, तिला लॉगिन करता येऊ नये, आणि तिचाच क्रमांक `entered_by` मध्ये लिहिला जावा.

या ओळी कोण लिहितो?

ज्याच्या हाती `user_role` मध्ये ओळ घालण्याचा अधिकार आहे, त्याच्या हाती वस्तुतः सर्वच अधिकार असतात. म्हणून त्या टेबलात आणखी दोन रकाने ठेवावेत : ओळ कोणी घातली तो `granted_by`, आणि कोणत्या लेखी आदेशावरून घातली तो `order_no`. दोन्ही सक्तीचे असावेत, आणि टेबलावरच पुढील निर्बंध घालावा :

```sql
CHECK (granted_by <> user_id)
```

यामुळे आज्ञावलीच्या व्यवस्थापकाला स्वतःच्या नावे अधिकार घेता येत नाही. दुसऱ्या व्यक्तीनेच तो द्यावा लागतो. दुसऱ्याचे नाव `granted_by` मध्ये लिहून हा निर्बंध चुकविता येऊ नये, यासाठी तो रकाना स्क्रीनवर भरावयास न देता चालू लॉगिनमधून आपोआप भरला जावा. जी व्यक्ती थेट डेटाबेसमध्ये शिरू शकते तिला मात्र हा निर्बंध पुरा अडवू शकत नाही, कारण ती निर्बंधच काढू शकते; तेथे टेबलातील प्रत्येक बदलाची नोंद वेगळ्या ठिकाणी, त्या व्यक्तीच्या हाताबाहेर, जमा होत राहणे एवढाच उपाय उरतो.

अधिकार काढताना ओळ पुसू नये, `valid_to` मध्ये तारीख घालून ती बंद करावी. ओळ पुसली तर गेल्या वर्षी अमुक नोंद प्रमाणित करणाऱ्याला त्या दिवशी अधिकार होता की नव्हता, हे पुढे सिद्ध करता येत नाही. महिन्यातून एकदा प्रत्येक सजासाठी चालू असलेल्या ओळींची यादी छापून घ्यावी, आणि कार्यभाराच्या लेखी आदेशांशी ती ताडून पाहावी. आदेश आहे पण ओळ नाही, याची तक्रार कोणीतरी करतोच; ओळ आहे पण आदेश नाही, याची तक्रार कोणीच करीत नाही, म्हणून ती आपणच शोधावी लागते.

आपले हक्क

आपण लॉगिन वापरणारे कर्मचारी असाल तर :

- आपल्या लॉगिनला कोणत्या कृती, कोणत्या सजासाठी व कोणत्या मुदतीपर्यंत दिल्या आहेत, याची यादी लेखी मागून घ्यावी.
- अतिरिक्त कार्यभाराचा लेखी आदेश हाती आल्याखेरीज त्या कामाचा अधिकार स्वीकारू नये.
- पासवर्ड किंवा डिजिटल स्वाक्षरीचे साधन वरिष्ठांनी मागितले तरी देऊ नये. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ६६-सी प्रमाणे, दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरी किंवा पासवर्ड कपटाने वा अप्रामाणिकपणे वापरणे हा तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक लाख रुपयांपर्यंत दंडास पात्र असा अपराध आहे. आणि प्रणालीत नोंद मात्र आपल्याच नावाची राहते.

आपण खातेदार असाल तर या टेबलांशी आपला थेट संबंध नाही. परंतु फेरफारावर हरकत घेण्याची पंधरा दिवसांची मुदत आपल्या हाती आहे, नोटिसा “आपली चावडी” या संकेतस्थळावर पाहता येतात, आणि प्रमाणनाच्या निर्णयाविरुद्ध संहितेच्या कलम २४७ खाली अपील करता येते. नोंद धरणारा आणि प्रमाणित करणारा एकच असल्याचे आढळल्यास तो मुद्दा अपिलात स्पष्टपणे मांडावा.

बदलीच्या दिवशी करावयाचा क्रम

१. जाणाऱ्या व्यक्तीच्या सर्व सजांच्या ओळींना, केवळ मुख्य सजाच्या नव्हे, कार्यमुक्तीची तारीख घालावी.

२. तिच्या चालू सत्रातून तिला बाहेर काढावे. ओळ बंद झाली तरी उघडे लॉगिन कधी कधी संध्याकाळपर्यंत चालू राहते.

३. तिने धरलेल्या आणि प्रमाणनासाठी प्रलंबित असलेल्या नोंदींची यादी काढावी, आणि तिची बढती त्याच मंडळात झाली असल्यास ती यादी त्याच दिवशी तहसील कार्यालयाकडे द्यावी.

४. येणाऱ्या व्यक्तीच्या ओळी आदेश क्रमांकासह, रुजू होण्याच्या तारखेपासून घालाव्यात. जुन्या व्यक्तीच्या लॉगिनचेच नाव बदलून ते नव्या व्यक्तीला देऊ नये. तसे केल्यास जुन्या सर्व नोंदींवर नव्या व्यक्तीचे नाव दिसू लागते.

५. `is_active` मात्र लगेच शून्य करू नये. ती व्यक्ती तालुक्यातच दुसऱ्या सजावर गेली असेल, तर तिला त्याच लॉगिनने उद्या काम करावयाचे असते. निवृत्ती किंवा तालुक्याबाहेरील बदली असेल तरच लॉगिन बंद करावे.